आधी दहा प्रश्न, मग चहा

आमची अभ्यासिका एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. ४२ खुर्च्या, चार पंखे, आणि दारातच सुतळीने बांधलेली एक हजेरीवही. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, एवढंच तिच्यात लिहायचं. नऊ वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात पडून आहेत. अधूनमधून मी त्या चाळतो आणि दर वेळी तेच दिसतं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची जाहिरात आली की आठ-दहा दिवस खुर्ची मिळत नाही, पोरं पहाटे पाचला शटर वाजवतात. एखाद्याची निवड होऊन गावात मिरवणूक निघाली की पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आणि दीड महिन्याने नेहमीचे बारा-पंधरा चेहरे.

या नेहमीच्या चेहऱ्यांच्या नोंदी वाचायला कंटाळा येतो. ६.१०, ६.१२, ६.१०, ६.१५. पहाटे पाचचं शटर नाही, रात्री एकचा दिवा नाही. जाहिरात आली त्या दिवशीही ६.१०, आणि परीक्षा पुढे ढकलली त्या दिवशीही ६.१०.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही संयुक्त परीक्षेची तयारी करायचं ठरवलंय, दिवसा नोकरी किंवा कॉलेज आहे, आणि अभ्यास ‘मूड आला की’ होतो, असं धरून चालतो. उदाहरण म्हणून माझ्याकडचा एकच मुलगा घेतो. औषधाच्या दुकानात कामाला, सकाळी दहा ते रात्री नऊ. नाव नको, खुर्ची क्रमांक १७ म्हणू.

स्वतःला काय म्हणवून घ्यायचं

सतरा नंबर पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "काय करतोस?" म्हणाला, "एमपीएससी करतो, काका." दुकानात काम करतो हे दुसऱ्या दिवशी कळलं. गावाकडे तर त्याला आत्तापासूनच कुणी ‘साहेब’ म्हणत होतं. मला तिथेच धोका दिसला.

‘एमपीएससी करतो’ ही ओळख पुस्तक न उघडताही मिळते. फॉर्म भरला, टेलिग्रामचे चार ग्रुप जोडले, जाड पुस्तकांचा फोटो स्टेटसला टाकला की लोक मान द्यायला लागतात. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. वकील व्हायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा अभ्यासाचा निश्चय दुसऱ्या कुणाच्या नजरेत आला होता, त्यांनी पुढे दिलेल्या कायद्याच्या कामावर इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. दुसऱ्याने दखल घेतली की आपण तिथे थोडे पोहोचलोच, असं आतून वाटायला लागतं. साहेब म्हणवून घेतल्यावर साहेब होण्याची घाई राहत नाही.

दुसरी अडचण निकालाची. पदाच्या नावावर उभी केलेली ओळख पूर्व परीक्षेच्या कटऑफला दोन गुण कमी पडले की कोसळते. त्या दिवशी तुम्ही कोण असता? माझ्या वह्यांमधली सगळ्यात मोठी गळती जाहिरातीनंतरची नाही, ती निकालानंतरची आहे.

म्हणून ओळख पदाची नको, रोजच्या कृतीची हवी. मी प्रत्येक नव्या पोराला एक वाक्य लिहायला लावतो. त्यात कशानंतर, काय आणि किती या तीन गोष्टी असाव्यात, आणि परीक्षेचं किंवा पदाचं नाव नसावं. सतरा नंबरचं पहिलं वाक्य होतं, ‘मी रोज मन लावून अभ्यास करणारा भावी अधिकारी आहे’. ते खोडायला लावलं. दुसरं होतं, ‘मी रोज सकाळी पॉलिटी करतो’. किती, ते नाही. तिसऱ्यांदा जमलं: ‘मी तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी दहा प्रश्न सोडवणारा माणूस आहे.’ वाक्य वहीच्या आतल्या पानावर लिहायचं. स्टेटसला टाकायचं नाही, घरी सांगायचं नाही.

नुसतं लिहून ते खरं वाटत नाही, आणि वाटायलाही नको. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक जुनी कल्पना मला इथे फार पटते. माणूस स्वतःबद्दलचं मत बऱ्याचदा आत डोकावून बनवत नाही. दुसऱ्या माणसाकडे बघावं तसं तो स्वतःच्या वागण्याकडे बघतो आणि त्यावरून ठरवतो की मी अमुक प्रकारचा आहे. शेजारचा रोज सकाळी फिरायला जाताना दिसला की आपण म्हणतो, याला फिरायची आवड आहे. स्वतःच्या बाबतीतही तेच. दहा प्रश्न सोडवलेल्या तीस सकाळी मागे दिसल्या की ते वाक्य आपोआप खरं वाटू लागतं. तोवर ते वाक्य म्हणजे रिकामी चौकट. सकाळ झाली की त्यात एक वीट बसवायची.

काम किती लहान ठेवायचं

आधी सतरा नंबरने काय केलं होतं ते सांगतो, कारण बहुतेक सगळे तेच करतात. स्केचपेनने रंगवलेलं वेळापत्रक, पहाटे चार ते नऊ. इतिहास दीड तास, पॉलिटी एक तास, भूगोल एक तास, गणित-बुद्धिमत्ता एक तास, चालू घडामोडी अर्धा तास. सहा दिवस टिकलं. सातव्या दिवशी दुकान बंद व्हायला उशीर झाला, चारचा गजर बंद केला, आणि मग ‘सोमवारपासून परत’.

वेळापत्रक चांगल्या दिवसाच्या अंदाजाने बनवलं जातं, आणि मोडतं वाईट दिवशी. म्हणून कामाचं माप वाईट दिवसावरून घ्या. रात्री साडेदहाला घरी आलोय, अंग दुखतंय, सकाळी डोकं जड आहे, तरी जे होईल तेवढं. दहा बहुपर्यायी प्रश्न एवढ्यात बसतात. संयुक्त पूर्व परीक्षेत १०० प्रश्नांना एक तास असतो, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. दहा प्रश्न परीक्षेच्या वेगाने सहा मिनिटांत व्हायला हवेत. नवख्याला दहा लागतील, उत्तरं तपासायला पाच. पंधरा मिनिटांत विषय संपला.

‘दोन पानं वाचेन’ असं का नको? कारण वाचन कधी संपलं ते कळत नाही. डोळे ओळींवरून फिरले म्हणजे झालं का? मन दुकानातल्या उधारीच्या वहीत असलं तरी पान उलटतंच. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागतं. अ, ब, क की ड. दहावा प्रश्न झाला की काम झालं, त्यात वाद नाही. बक्षीस द्यायचं तर काम कुठल्या क्षणी संपलं ते स्पष्ट असावं लागतं, त्यासाठीही हे सोयीचं.

प्रश्न आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधून घ्या. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. पहिला महिना एकच विषय. आम्ही पॉलिटी घेतली, कारण बालभारतीच्या सहावी-सातवीच्या नागरिकशास्त्रापासून ती सुरू करता येते आणि ग्रामपंचायत सगळ्यांनी पाहिलेली असते. चुकलेल्या प्रश्नापुरतंच पुस्तक उघडायचं. ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येवरचा प्रश्न चुकला, तर तेवढा परिच्छेद काढायचा, कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा हे वाचायचं, प्रश्नाशेजारी पेन्सिलने लिहायचं आणि पुस्तक मिटायचं.

आता रात्रीचं काम, याला दोन मिनिटं लागतात. उद्याच्या दहा प्रश्नांवर चौकोन करून ठेवायचा. वही त्याच पानावर उघडी, तिच्यावर पेन आडवं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. घर एका खोलीचं असेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर, उठल्याशिवाय हात पोहोचणार नाही असा. सकाळी ‘आज काय करू’ हा प्रश्न पडलाच नाही पाहिजे. हा प्रश्न पडला की निम्मी पोरं फोन बघतात. सतरा नंबरचा अनुभव असा की ज्या दिवशी चौकोन आखलेला नव्हता, त्या दिवशी प्रश्न निवडण्यातच वीस मिनिटं गेली आणि चहा थंड झाला.

चहा

आता बक्षिसाकडे येऊ, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त घोळ घालतात.

अभ्यासाचं खरं फळ दोन वर्षं लांब आहे, तेही मिळेलच असं नाही. सकाळी सव्वासहाला मात्र पांघरुणाची ऊब समोर आहे. दोन वर्षांनंतरच्या फळाच्या जोरावर आजची ऊब सोडायची, हे एखाद-दुसऱ्या दिवशी जमतं, त्यालाच आपण मोटिव्हेशन म्हणतो. रोज जमायला हवं असेल तर आजच्या कामाला आजच, त्या मिनिटाला काहीतरी गोड लागायला हवं.

सतरा नंबरला मी विचारलं, "सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय हवं असतं?"

"चहा. त्याशिवाय डोळे उघडत नाहीत."

"मग तोच अडकवून ठेव. दहावा प्रश्न झाला की चहा."

"काका, चहाशिवाय डोकंच चालत नाही माझं."

"दहा मिनिटं नाही चालणार. चुकू देत."

पहिले तीन-चार दिवस त्याने घड्याळाकडे बघत, वैतागत प्रश्न सोडवले. पाचव्या दिवशी आईने आधीच चहा आणून ठेवला आणि याने पिऊन टाकला. मग त्या दिवशी प्रश्न झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने आईला एवढंच सांगितलं की मी हाक मारीन तेव्हा आण. पुढे पुढे गंमत अशी झाली की वही उघडतानाच त्याला बरं वाटू लागलं. यात नवल नाही. वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की आधी दिवा लागला आणि मग रस मिळाला असं वारंवार झालं, की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद द्यायला लागतात. इथे उघडी वही हाच दिवा. मात्र त्यासाठी क्रम रोज तोच हवा. आज चहा आधी, उद्या नंतर असं केलं तर दिव्याला काही अर्थ उरत नाही.

चहा पीत नसाल तर दुसरं काही शोधा, पण निवडताना तीन गोष्टी बघा. एक, ते काम संपल्यावर मिनिटभरात मिळालं पाहिजे. रविवारची मिसळ छान आहे, पण सोमवारच्या सकाळचं बक्षीस म्हणून ती फार लांब पडते. दोन, ते आपोआप संपलं पाहिजे. कप रिकामा होतो, शेंगदाण्याची चिक्की संपते, एक गाणं संपतं. रील संपत नाही. ‘दहा प्रश्न झाले की पाच मिनिटं रील’ हा सौदा माझ्या अभ्यासिकेत किमान तीस जणांनी करून बघितलाय, आणि त्या पाच मिनिटांनी सकाळ गिळलेली मी पाहिली आहे. तीन, ते दुसऱ्या वाटेने मिळता कामा नये. चहा आधीच प्यायला असेल तर नंतरच्या चहाला बक्षीस म्हणण्यात काय अर्थ?

एक पोरगी चहा पीत नव्हती. तिने बरणी ठेवली. दहा प्रश्न झाले की दहाची एक नोट त्या बरणीत. नोट आत टाकताना हाताला जाणवते, बरणी भरताना दिसते. महिन्याला तीनशेच्या आसपास जमायचे, त्यातून ती पेनं, नकाशांची वही वगैरे घ्यायची. फोनवरून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवून तीच गोष्ट करून बघितली, पण चालली नाही. कारण काही दिसतच नाही, आणि त्या निमित्ताने फोन हातात येतो तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट सतरा नंबरने तिसऱ्या आठवड्यात मला नकळत शिकवली. त्याने स्वतःच नियम बदलला होता, सात बरोबर आले तरच चहा. ऐकायला कडक वाटतं. पण त्याच्या वहीत मला दिसलं की तो आधी सोडवलेलेच प्रश्न पुन्हा घेतोय. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. बक्षीस गुणांना लावलं की माणूस सोपे प्रश्न निवडतो, त्यात त्याचा दोष नाही. बक्षीस बसण्याला आणि दहाचे दहा पूर्ण करण्याला द्या. दहापैकी दोन बरोबर आले तरी चहा. गुण लिहून ठेवायचे, पण त्यांचा कपाशी संबंध ठेवायचा नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर

तारखांचं मोठं कॅलेंडर घ्या, दूध आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी करतो तसलं. त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण नको, बरोबर आलेल्या उत्तरांचा आकडा लिहा. ४, ६, ३, ७. खूण खोटी करता येते, आकडा लिहायला प्रश्न तपासावेच लागतात. पंधरा दिवसांनी मागे बघताना ‘मी बसतो’ हे दिसतं, आणि आपण कुठे अडतोय तेही. सतरा नंबरच्या कॅलेंडरवर एका आठवड्यात सलग २, ३, २ आले. ते सगळे राज्यपाल आणि विधानपरिषदेवरचे प्रश्न होते. त्या धड्याला त्याने रविवारी तासभर दिला.

सलग आकड्यांची साखळी तुटू द्यायची नाही असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. साखळी लांब झाली की तीच दहशत बनते, आणि एकदा तुटली की ‘आता काय, गेलंच’ म्हणून माणूस सगळंच सोडतो.

खंड पडतो तेव्हा

खंड पडणारच. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. लोकांनी रोजच्या ठरावीक क्षणाला एक नवं छोटं काम जोडलं, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, थोडं चालणं किंवा पळणं. ते अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६, पण फरक केवढा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ हे मनावर घेऊ नका. बावीसाव्या दिवशी जड जात असेल तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रवासात विशेष फरक पडला नाही. फळ खाण्यापेक्षा पॉलिटी जड आहे, म्हणून मी पोरांना तीन महिने धरायला सांगतो. हा आकडा माझा, त्या अभ्यासातला नाही.

सतरा नंबरच्या बहिणीचं लग्न दुसऱ्या महिन्यात आलं. पाच दिवस घरात पाय ठेवायला जागा नाही. पाचही दिवस कोरे गेले. परत आल्यावर त्याने ठरवलं की राहिलेले पन्नास प्रश्न एकदम उरकायचे. मी नको म्हटलं. खंडानंतरच्या पहिल्या दिवशी दुप्पट काम करणं म्हणजे स्वतःला शिक्षा करणं, आणि शिक्षेच्या जागी माणूस दुसऱ्या दिवशी आपण होऊन जात नाही. उलट करायचं. पहिल्या दिवशी तीन प्रश्न, आणि चहा पूर्ण कप. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी दहा. बुडालेले प्रश्न बुडाले. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका काही संपत नाहीत.

खंड येणार हे आधी माहीत असेल, म्हणजे गणपती, दिवाळी, सुगी, दुकानातला मार्चअखेरचा स्टॉक, तर त्या दिवसांसाठी वेगळं माप आधीच ठरवा. एक प्रश्न. खरंच एकच. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा, कुठेही उभ्याने सोडवायचा. त्या दिवशी अभ्यास म्हणण्यासारखं काही होत नाही, पण ‘तोंड धुतल्यावर प्रश्न’ ही गाठ सुटत नाही. पाळी बदलणारी नोकरी असेल, रात्रपाळी-दिवसपाळी असं, तर सवय घड्याळाला बांधूच नका. ‘सहा वाजता’ ऐवजी ‘झोपून उठल्यावर तोंड धुतलं की’. तोंड रोज धुतलं जातं, मग ती सकाळ असो वा दुपार.

वाढवायचं कधी

घाई करू नका. माझी खूण साधी आहे. दहा प्रश्न झाल्यावर अकराव्याकडे हात आपोआप जातोय का? आठवड्यात चार-पाच दिवस तसं होत असेल तर वाढवा. उत्साहाच्या भरात एके दिवशी पन्नास सोडवले, ही वाढवायची खूण नव्हे. ते जाहिरात आल्यावरचं शटर वाजवणं झालं. त्या दिवशी पन्नास सोडवा हवे तर, पण उद्याचं माप दहाच.

वाढवताना सकाळचा तुकडा लांबवण्यापेक्षा दुसरा तुकडा जोडा, आणि त्याला त्याची स्वतःची जागा आणि बक्षीस द्या. सतरा नंबरने नवव्या आठवड्यात दुसरा तुकडा लावला: चहा झाल्यावर अभ्यासिकेत येणं आणि सकाळी चुकलेल्या प्रश्नांचा धडा वाचणं, चाळीस मिनिटं. हजेरीवहीत ७.०५ ते ७.४५. बक्षीस म्हणजे खाली उतरून किराणा दुकानाच्या कट्ट्यावर दहा मिनिटं गप्पा. तिसरा तुकडा चौथ्या महिन्यात, दुपारच्या जेवणानंतर दुकानात गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, वीस मिनिटं गणित. तो मात्र रुजला नाही. गिऱ्हाईक येतं, मालक हाक मारतात, आधार म्हणून धरलेला क्षणच पक्का नव्हता. त्याने तो सोडून रविवारी सकाळी दोन तास गणिताला दिले. तिसरा तुकडा फसला म्हणून पहिल्या दोनांना धक्का लागला नाही, हा तुकडे सुटे ठेवण्याचा फायदा.

सवय कुठवर नेते तेही सांगायला हवं. ती खुर्चीपर्यंत नेते. बसल्यावर गणिताची नवी रीत समजून घेणं, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी लांब उत्तर लिहिणं, ही कामं कधी आपोआप होत नाहीत. तिथे डोकं तापतंच आणि तापलंच पाहिजे. कॅलेंडरवर आकडे नियमित आहेत पण सहा-सहा आठवडे ते जागचे हलत नाहीत, असं दिसलं तर सवय ठीक आहे, पद्धत चुकतेय. मग चुकलेले प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा सोडवतोय का, हे आधी बघा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

बक्षीस सुटतं तेव्हा

पालक विचारतात, बक्षिसाची चटक लागली तर? शंका रास्त आहे. १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना ‘चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. पुढे त्यांना मोकळा वेळ दिला तेव्हा ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. म्हणून ज्या विषयाची तुम्हाला मुळात ओढ आहे, त्याला बक्षीस लावू नका. इतिहास आवडतो? तो तसाच वाचा, चहाशिवाय. बक्षीस नावडत्या कामाच्या उंबरठ्यावर ठेवायचं, आणि तेही लहान. हजार रुपयांचं बक्षीस लावलं तर तुम्ही हजार रुपयांसाठी बसाल, आणि ते बंद झाले की उठाल. अर्धा कप चहासाठी वर्षभर कुणी बसत नाही. बसणाऱ्याला हळूहळू दुसरं काहीतरी कारण सापडलेलं असतं.

बक्षीस मुद्दाम सोडायला जाऊ नका. सतरा नंबरचं असं झालं. पाचवा महिना असेल. सकाळी सव्वासहाला त्याच्या घरावरून चाललो होतो, तो दाराच्या पायरीवर वही घेऊन बसलेला. शेजारी रिकामा कप.

"काय रे, आज चहा आधी?"

त्याने कपाकडे पाहिलं, मग वहीकडे. सातवा प्रश्न चालू होता.

"आईने कधी ठेवला कोण जाणे," म्हणाला, आणि पुन्हा खाली बघून क वर गोल केला.